कडक मंगळ आणि त्याची शांती : एक तपासणी

माझे शिक्षण बारावीपर्यंतचे. इस्लामपुरात माझे हार्डवेअरचे छोटे दुकान आहे. गेली वीस-बावीस वर्षे मी पत्रिका जमवतो आणि पंचांगे वाचतो. मांडणे शिकलो ते जुन्या पुस्तकांवरून आणि एका वृद्ध गुरुजींकडून. मला ज्योतिषावर विश्वास नाही. पण ते शास्त्र स्वतः काय म्हणते हे कळल्याशिवाय त्याच्या नावाने होणारी फसवणूक पकडता येत नाही, हे मला उशिरा उमगले. ते उमगायला कारण झाली ती गेल्या वर्षीची एक घटना.

वाळवा तालुक्यातल्याच एका गावचे गृहस्थ संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी आले. मुलीचे लग्न ठरले होते, सुपारी फुटली होती. मध्यस्थाने सुचवलेल्या एका ज्योतिषाकडे दोन्ही पत्रिका दाखवल्या, आणि त्याने सांगितले की मुलीला कडक मंगळ आहे, लग्नानंतर वर्षाच्या आत जावयाच्या जिवाला धोका आहे. हे सांगताना मुलगी आणि होणारा जावई दोघेही समोर बसले होते. खिशातून चिठ्ठी काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. दक्षिणा १,१०० रुपये, कुंभविवाह २१,०००, अभिमंत्रित पोवळ्याची अंगठी १८,००० आणि मंगळशांती ३५,०००. एकूण ७५,१०० रुपये. पहिल्या दोन रकमा देऊन झाल्या होत्या. उरलेल्या ५३,००० साठी बायकोच्या पाटल्या गहाण टाकायच्या होत्या, कारण ऊसबिलाचा पुढचा हप्ता यायला वेळ होता आणि शांती अमावास्येच्या आत व्हायलाच हवी, अशी ताकीद होती.

“अण्णा, पैशाचं काय नाही वो,” ते म्हणाले. “पोरगी दोन दिवस जेवली नाही. म्हणती, माझ्यामुळं त्येंचं काय झालं तर?”

मी त्यांना म्हटले, पाटल्या दोन दिवस थांबवा. आधी मंगळ बघू.

मंगळदोष म्हणजे काय, हे नीट पाहिले तर निम्मी भीती तिथेच उतरते. पत्रिकेत बारा स्थाने असतात. लग्नस्थानापासून मोजून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असेल तर पत्रिका मंगळाची मानतात. बारापैकी पाच स्थाने. मंगळ कुठेतरी बसणारच. म्हणजे शंभर मुलींपैकी सुमारे बेचाळीस जणींना नुसत्या हिशोबाने ‘मंगळ’ असणार. मुलांचेही तेच. दोघांपैकी एकाला तरी मंगळ आहे, अशी जोडपी शंभरात सहासष्ट निघतात. काही ज्योतिषी लग्नाबरोबर चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मोजतात. तिन्हीकडून मोजले की शंभरातल्या सुमारे ऐंशी पत्रिकांत कुठून ना कुठून मंगळ सापडतो.

नाडीचे तसेच. सत्तावीस नक्षत्रे आद्य, मध्य आणि अंत्य अशा तीन नाड्यांत नऊ-नऊ वाटलेली आहेत. तेव्हा दर तीन जोडप्यांत एकाची नाडी एकच येते, आणि छत्तीसपैकी आठ गुण जातात. मंगळ आणि नाडी दोन्ही धरले तर काहीच न सापडणारी जोडपी शंभरात बावीस-तेवीसच उरतात. ज्योतिषाने दोष सांगितला म्हणजे त्याने काही विशेष शोधून काढले, असे आपल्याला वाटते. खरे तर दोष न सापडणे हीच दुर्मीळ गोष्ट आहे.

आता या मुलीची पत्रिका. जन्म १९९९ च्या सप्टेंबरचा पहिला आठवडा, वेळ सकाळी सहा पन्नास. त्या काळात मंगळ वृश्चिक राशीत होता आणि सूर्य सिंहेत. सूर्योदयाच्या सुमारास सूर्याची रास हेच लग्न असते, म्हणून सिंह लग्न. सिंह, कन्या, तूळ, वृश्चिक असे मोजले की मंगळ चौथ्या स्थानी येतो. इथवर ज्योतिषाचे बरोबर होते.

पण ज्या परंपरेने चौथा मंगळ दोषाचा ठरवला, तिनेच अपवादही दिले आहेत. त्यातला प्रसिद्ध अपवाद असा : मेषेचा मंगळ लग्नी, वृश्चिकेचा चौथा, मकरेचा सातवा, कर्केचा आठवा आणि धनूचा बारावा असेल तर दोष मानत नाहीत. दोघांच्याही पत्रिकेत मंगळ असला तरी दोष जातो, असेही मानतात. मुलीचा मंगळ वृश्चिकेचाच, चौथा. म्हणजे शास्त्र मानायचे म्हटले तरी इथे शांतीचे कारण नव्हते. हा अपवाद पत्रिका जुळवणाऱ्या कोणालाही तोंडपाठ असतो. ज्योतिषाला तो माहीत नव्हता असे मानणे मला जड जाते.

मग मी दुसरा प्रश्न विचारला : सहा पन्नास ही वेळ कोणी सांगितली? आजीने. आजीला आठवत होते की दूध घालून परतताना बातमी कळली. जन्मदाखल्यावर तारीख असते, वेळ बहुधा नसते. ती असते दवाखान्याच्या केसपेपरवर किंवा डिस्चार्ज कार्डावर. ट्रंकेतल्या कागदांत ते कार्ड निघाले. त्यावर वेळ होती सात तीस. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते, आणि त्या आठवड्यात सिंह लग्न सव्वासातच्या सुमारास संपत होते. साडेसातला कन्या लग्न. कन्येपासून वृश्चिक तिसरी, आणि तिसऱ्या स्थानाचा मंगळ कोणीच दोषाचा धरत नाही. आजीच्या आठवणीतल्या चाळीस मिनिटांवर जावयाचे मरण टांगले होते!

म्हणून माझा आग्रह असतो की पत्रिका हातात आली की आधी वेळेचा कागद शोधावा. मोबाइलवरच्या कुठल्याही मोफत ॲपमध्ये तारीख आणि गाव घालून वेळ अर्धा तास पुढे-मागे करून पाहावी. अयनांश दर वेळी एकच ठेवावा, म्हणजे चित्रापक्ष किंवा लाहिरी. मंगळाचे स्थान तेवढ्यात बदलत असेल, तर त्या दोषावर कोणी पैसे मागण्यात अर्थ नाही.

हे सगळे शास्त्राच्या आत राहून झाले. शास्त्रच खरे आहे का, हा निराळा प्रश्न, आणि तो महाराष्ट्रात तपासलाही गेला आहे. २००८ साली कोल्हापूरचे सुपुत्र डॉ. जयंत नारळीकर यांनी पुण्यात सहकाऱ्यांसह, अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीने, एक चाचणी घेतली. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर अशा दोनशे पत्रिका गोळा केल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका पाठवल्या आणि कोणती कुणाची एवढेच विचारले. सत्तावीस जणांची उत्तरे आली. नुसते नाणे उडवले तरी निम्मी उत्तरे बरोबर यावीत. यांची सरासरी निम्म्याच्याही थोडी खाली आली. ती चाचणी लग्नाची नव्हती, हे खरे. पण तिची रीत घरी वापरता येते. नात्यातल्या दहा वृद्ध बायकांच्या पत्रिका नावे काढून द्या. त्यातल्या पाच जणींना लवकर वैधव्य आले असावे, पाच जणींचा संसार दीर्घ झाला असावा. कोणत्या कोणाच्या, ते लिहून मागा. पाच-सहा उत्तरे नाण्यानेही बरोबर येतात. नऊ किंवा दहा बरोबर आली तरच विचार करण्यासारखे. नाण्याला ते शंभरातून एखाद्या वेळीच जमते. मी आजवर अनेकांना ही विनंती केली. जे भीती घालून पैसे घेतात, त्यांच्यापैकी एकानेही पत्रिका हातात घेतल्या नाहीत.

लुबाडणारा ओळखायचा तो दोष सांगण्यावरून नव्हे. तो दोष साधा प्रामाणिक गुरुजीही सांगेल. ओळखायचे ते पुढच्या वाक्यांवरून. प्रामाणिक माणूस मंगळाबरोबर अपवादही सांगतो, ठरलेली दक्षिणा घेतो आणि ‘दुसऱ्यालाही दाखवा’ म्हणतो. लुबाडणारा मरणाचे नाव घेतो, तेही जोडप्याच्या तोंडावर. मुदत घालतो. बाहेर बोललात तर शांती फळणार नाही, असे बजावतो. खडा, पूजा आणि पुरोहित तिन्ही त्याच्याच ओळखीचे असतात. आणि एक रक्कम दिली की दुसरी निघते. इथे कुंभविवाह झाल्यावर मगच पोवळे निघाले होते. कुंभविवाहात मुलीचे लग्न आधी मातीच्या कुंभाशी लावतात आणि मंगळाचा दोष त्यावर गेला असे मानतात. मग शांती कशाची, हे त्या वडिलांनी विचारले नव्हते. भ्यालेला माणूस विचारत नाही.

आम्ही दोघे त्या ज्योतिषाकडे गेलो. मी एवढेच म्हटले, “गुरुजी, मंगळ कोणत्या स्थानी, कोणत्या राशीत, दोष कोणत्या नियमाने आणि काय केव्हा होणार, हे सहीनिशी लिहून द्या. उरलेले पैसे आत्ता देतो.” तो अपवादाबद्दल बोलू लागला. पाचच मिनिटांत कडक मंगळ सौम्य झाला, आणि शांती ‘ऐच्छिक’. दिलेले २२,१०० मात्र त्याने परत केले नाहीत.

तक्रार करता येईल का, असे वडिलांनी विचारले. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा ज्योतिषाचा नुसता सल्ला गुन्हा मानत नाही. तो त्यातून स्पष्टपणे वगळला आहे. पण खोटे सांगून पैसे उकळले तर भारतीय न्याय संहितेतले फसवणुकीचे कलम ३१८ लागू शकते. त्यासाठी पुरावा लागतो. पैसे यूपीआयने दिलेले असावेत, चिठ्ठी जपलेली असावी, बोलणे ध्वनिमुद्रित असावे. इथे सगळे रोखीत गेले होते आणि साक्षीला मध्यस्थ होता, तो ज्योतिषाचाच. प्रकरण पोलिसांपर्यंत गेले नाही.

लग्न झाले. पण त्याआधी मुलाच्या आईने दोनदा निरोप पाठवून विचारले की मंगळ नक्की गेला का. तो कधी नव्हताच, हे समजावायला डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स न्यावी लागली. ती झेरॉक्स मुलीने स्वतःकडे ठेवून घेतली आहे. सासरी कुणी आजारी पडले तर दाखवायला लागेल, असे ती मला म्हणाली.