विजय आला नाही, हे कुणाला ठाऊक?

लग्नघरातली गोष्ट घ्या. सुमन, रमेश आणि विजय या तिघांना आमंत्रण होतं. सुमन आणि रमेश आले, विजय आला नाही. मावशीने पहिल्या दोघांना पाहिलं. विजयचं मात्र तिला काहीच कळलेलं नाही. आता ‘कोण कोण आलं हे मावशीला माहीत आहे’ असं म्हणता येईल का?

या वाक्याच्या पोटात एक प्रश्न दडला आहे: कोण कोण आलं? इथे तो कुणी कुणाला विचारत नाही, तरी मावशीला नेमकं काय माहीत असायला हवं हे त्याच्या अर्थावरच ठरतं. त्या अर्थाबद्दल अभ्यासकांनी दोन वेगळी उत्तरं दिली आहेत.

पहिलं उत्तर चार्ल्स हॅम्ब्लिन यांच्या 1973 च्या लेखातलं. प्रश्नाचा अर्थ म्हणजे त्याच्या संभाव्य उत्तरांचा संच: ‘सुमन आली’, ‘रमेश आला’, ‘विजय आला’. लौरी कार्टुनेन यांनी 1977 मध्ये त्यातली फक्त खरी उत्तरं ठेवली. त्यांच्या हिशेबाने मावशीला दोन्ही खरी उत्तरं माहीत आहेत, म्हणजे वरचं वाक्य खरं. पण उद्या मावशी ‘विजयही आला होता’ असं समजून बसली, तरी ते खरंच राहतं! इथे मराठी माणसाचा कान अडखळतो.

अ‍ॅम्स्टरडॅमच्या येरून ख्रूनेनडाइक आणि मार्टिन स्टॉकहॉफ यांनी 1980 च्या दशकात दुसरी वाट धरली. तिघांपैकी प्रत्येक जण एक तर आला किंवा आला नाही, म्हणून शक्यता आठ. प्रश्न या शक्यतांचे आठ खण पाडतो. उत्तर माहीत असणं म्हणजे सात खण बाद करून खऱ्या खणावर बोट ठेवणं. विजयबद्दल काहीच न कळलेल्या मावशीपुढे अजून दोन खण उरतात, म्हणून वाक्य खोटं. विजय आला असं समजणारी मावशी तर चुकीच्याच खणात बसली आहे.

मात्र खणांनाही एक अडचण आहे. ‘कोण कोण आलं’ आणि ‘कोण कोण आलं नाही’ हे दोन्ही प्रश्न तेच आठ खण पाडतात, त्यामुळे या मांडणीत त्यांचा अर्थ एकच होतो. समजा, मावशीला तिघेही येतील अशी खात्री होती. मग विजय नसल्याचं कळल्यावर ‘कोण कोण आलं नाही याचं तिला नवल वाटलं’ हे बरोबर, पण ‘कोण कोण आलं याचं नवल वाटलं’ हे चूक. सुमन आणि रमेश येण्यात तिला नवल ते काय?

आयरीन हाइम यांनी 1994 मध्ये याचा धागा जोडून दिला. हातात उत्तरांचा संच असेल, तर ज्या शक्यतांत तीच उत्तरं खरी ठरतात त्या एकत्र करून खण पाडता येतात. उलट खणांवरून मूळ संच परत मिळत नाही. प्रश्न येणाऱ्यांचा होता की न येणाऱ्यांचा, ही खूण पुसली गेलेली असते. म्हणून संच हाताशी ठेवला, तर ‘माहीत असणं’ त्यातून खण घडवून घेतं आणि ‘नवल वाटणं’ थेट खऱ्या उत्तरांकडे पाहतं.