डॅशबोर्डचे दिवे : शून्यावरचा काटा

पिवळ्या 'चेक इंजिन'च्या दिव्याबद्दल या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलावं लागतं आहे, कारण मधल्या दिवसांत गुहागरहून चिपळूणकडे निघालेल्या एका वाचकाने रस्त्याच्या कडेला थांबून मीटरचा फोटो पाठवला. त्या फोटोत तीन दिवे होते : चोचीतून थेंब गळणारी लाल झारी, लाल बॅटरी आणि पिवळं इंजिन. खाली प्रश्न होता, "तिन्ही एकदम लागलेत. चिपळूण अजून वीस-बावीस किलोमीटर आहे. हळूहळू नेली तर चालेल का?"

असा फोटो आला की नजर सरळ दिव्यांवर जाते. ती आधी आरपीएमच्या काट्यावर जायला हवी. या फोटोत काटा शून्यावर होता.

म्हणजे फोटो काढला तेव्हा इंजिन बंद होतं, नुसती चावी 'ऑन'वर होती. अशा वेळी हे तिन्ही दिवे लागतात, आणि ठणठणीत गाडीतही लागतात. इंजिन फिरत नसलं की ऑईलचा पंप फिरत नाही, पंप नाही म्हणजे दाब नाही, म्हणून झारी लागते. अल्टरनेटरही थांबलेला असतो, म्हणून बॅटरी लागते. आणि चेक इंजिनचा दिवा शाबूत आहे हे दाखवण्यासाठी गाडी तो आपणहून लावते. एबीएस आणि एअरबॅगचे दिवे काही सेकंदांत विझून जातात; हे तीन मात्र बहुतेक गाड्यांत इंजिन सुरू होईपर्यंत तसेच राहतात. उलट चावी फिरवल्यावर यातला एखादा दिवा लागलाच नाही, तर काळजी करावी. तो दिवा गेलेला असू शकतो, आणि मग खऱ्या संकटाच्या वेळीही तो लागणार नाही.

तेव्हा या फोटोवरून गाडीत बिघाड आहे असंही म्हणता येत नव्हतं आणि नाही असंही. वाचकाला फोन करून दोनच गोष्टी विचारल्या : पहिला दिवा कोणता लागला, आणि तेव्हा गाडी चालू होती का? उत्तर ऐकल्यावर चित्र पालटलं. चालत्या गाडीत फक्त झारी लागली होती. आधी एका उताराच्या वळणावर क्षणभर लुकलुकली, मग पुढच्या वळणावर पुन्हा, आणि नंतर विझेचना. त्यांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, फोन काढला आणि फोटोसाठी चावी पुन्हा 'ऑन' केली. तेव्हा बॅटरी आणि पिवळं इंजिन हे दोघं त्या चावीबरोबर आले. दुखणं एकट्या झारीचं होतं.

असे फोटो पुष्कळ येतात, आणि त्यात कोणाचा दोष नसतो. लाल दिवा पाहून माणूस आधी इंजिन बंद करतो, हे तर बरोबरच आहे. म्हणून फोटोबरोबर एक ओळ लिहावी : दिवा चालत्या गाडीत लागला की नुसत्या चावीवर. बटणाच्या गाडीतही हीच गोष्ट. ब्रेक न दाबता बटण दाबलं की मीटर उजळतं, इंजिन सुरू होत नाही.

फोटोत हरवणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे रंग. अंधारात फोनचा कॅमेरा उजेड ओढून घेतो, लाल दिवा नारिंगी होतो, मधोमध पांढराही पडतो, आणि लाल म्हणजे थांबायचं, पिवळं म्हणजे तपासून घ्यायचं, हे गेल्या वेळी पाहिलेलं गणित तिथे फसतं. त्यामुळे फोटोत रंगापेक्षा आकारावर भरवसा ठेवावा. ही चिन्हं आयएसओ 2575 या मानकाप्रमाणे ठरलेली आहेत आणि पुण्यातल्या गाडीची झारी जपानमधल्या गाडीतही झारीच असते. फक्त झारीखाली लाटेसारखी रेघ आहे का ते बघावं. रेघ असलेली पिवळी झारी ऑईलची पातळी कमी झाल्याचं सांगते; रेघ नसलेली लाल झारी दाब गेल्याचं सांगते. दुसरी हरवणारी गोष्ट म्हणजे लुकलुकणं. स्थिर दिवा आणि लुकलुकणारा दिवा फोटोत सारखेच दिसतात. दहा सेकंदांचा व्हिडिओ हा प्रश्न सोडवतो. पण झारी लाल असेल तर व्हिडिओसाठी इंजिन पुन्हा सुरू करू नये.

का करू नये, हे समजायला त्या दिव्यामागचा स्विच पाहावा लागतो, आणि तो फार साधा आहे. इंजिनच्या ऑईलच्या वाटेवर एक छोटा पडदा बसवलेला असतो. दाब पुरेसा असला की पडदा उचलला जातो, जोड तुटतो, दिवा विझतो. दाब पडला की जोड जुळतो आणि दिवा लागतो. हा स्विच बहुतेक गाड्यांत साधारण 4 ते 7 पीएसआयच्या दरम्यान पलटतो. टायरमध्ये आपण 32-33 पीएसआय हवा भरतो, त्यावरून हा आकडा किती लहान आहे ते कळेल. तापलेलं धडधाकट इंजिन नुसतं उभं असतानाही सहसा 15 पीएसआयच्या आसपास दाब ठेवतं आणि रस्त्यावर धावताना 40 ते 60 पर्यंत नेतं. म्हणजे दाब निम्म्यावर आला, तरी झारी गप्पच असते. ती लागते तेव्हा जवळपास काही उरलेलं नसतं.

आतमध्ये क्रँक ज्या बेअरिंगांत फिरतो, तिथे लोखंड थेट बेअरिंगवर घासत नाही. मध्ये केसापेक्षा कितीतरी पातळ असा ऑईलचा थर असतो आणि सगळा भार तो तोलतो. पंपाने ऑईल पुरवणं थांबवलं की हा थर फाटतो, धातू धातूला भिडतो, बेअरिंग तापून पुसलं जातं. मग खालून ठोके ऐकू येतात, आणि शेवटी इंजिन सीझ होतं. याला किती वेळ लागतो हे वेगावर, भारावर आणि आत किती ऑईल उरलं आहे यावर ठरतं. पण हिशेब मिनिटांचा असतो, वीस किलोमीटरचा नसतो. हळू चालवल्याने वाचत नाही, कारण पंप इंजिनवरच फिरतो. इंजिन मंद, तर पंपही मंद.

इथेच एक धोक्याची समजूत भेटते. चालक रेस देऊन बघतो, झारी विझते, आणि "रेसवर जातोय, म्हणजे किरकोळ आहे" असं ठरवून निघतो. वेग वाढल्यावर पंपाने दाब 4-7 पीएसआयच्या वर नेला, एवढंच त्या विझण्याचं कारण. त्या वेगाला इंजिनला जो दाब हवा असतो तो याच्या कितीतरी पट असतो. स्विचला वेग कळत नाही. त्याची रेषा उभ्या गाडीला आणि धावत्या गाडीला एकच आहे.

वाचकाच्या बोलण्यातला खरा धागा मात्र वळणांचा होता. आधी वळणावर, उतारावर लुकलुकणं आणि मग कायम लागणं, यावरून ऑईल कमी होत गेल्याचा संशय येतो. ऑईल इंजिनच्या तळाशी चेंबरमध्ये साठतं आणि पंप ते गाळणीतून वर ओढतो. पातळी घटली की वळणावर ते एका बाजूला सरकतं, गाळणी उघडी पडते, पंप क्षणभर हवा ओढतो आणि झारी लुकलुकते. पातळी आणखी घटली की सपाटीवरही तेच होतं.

त्यांना गाडी होती तिथेच ठेवून, दहा मिनिटांनी ऑईलची पट्टी काढायला सांगितलं. रस्ता तिथे बऱ्यापैकी सपाट होता. चढावर पट्टी खोटं सांगते. पट्टी एकदा फडक्याने पुसून, पूर्ण आत घालून पुन्हा काढली, तेव्हा नुसतं टोक ओलं होतं. पट्टीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत बऱ्याच गाड्यांत सुमारे एक लिटरचं अंतर असतं. इथे ऑईल खालच्या खुणेच्याही बरंच खाली गेलं होतं. मग वाकून इंजिनखाली पाहिलं, तर लाल मातीवर काळे थेंब पडत होते. सकाळी घरच्या आगरातून गाडी काढताना खाली जांभ्याचा चिरा घासला होता, हे तेव्हा आठवलं.

डिकीत ऑईलचा डबा होता. तो ओतून निघावं का, हा पुढचा प्रश्न. केवळ जुनं इंजिन ऑईल खात असेल आणि खाली गळती नसेल, तर पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं ऑईल खुणेपर्यंत भरून, सुरू केल्यावर दोन-तीन सेकंदांत झारी विझते का आणि ठोका ऐकू येत नाही ना, हे पाहून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. चेंबर फुटलेला असेल तर ओतलेलं ऑईल रस्त्यावर जातं, आणि किती वेगाने जातं हे चालकाच्या सीटवरून कळत नाही. गाडी टोइंगने चिपळूणला गेली. चेंबरच्या तळाला बोटभर चीर होती. मेकॅनिकने चेंबर आणि गॅस्केट बदललं, नवं ऑईल-फिल्टर घातलं आणि दिव्याचा स्विच काढून त्याच्या जागी तात्पुरतं दाबाचं गेज लावलं. इंजिन तापल्यावर उभ्या गाडीत 18 पीएसआय मिळाले, ठोका नव्हता. झारी कायम लागल्यावर लगेच इंजिन बंद केल्यामुळे बेअरिंगं वाचली.

पट्टीवर पातळी बरोबर निघाली असती तर? तेव्हाही निर्णय तोच राहिला असता. स्विच खराब होऊन खोटी झारी लागते, असं खरंच घडतं, आणि तो स्विच स्वस्तही असतो; पण गाळणी गाळाने भरली किंवा पंप झिजला तरी पातळी बरोबरच दिसते. डिझेल गाडीत तर न जळलेलं डिझेल ऑईलमध्ये उतरून पातळी वरच्या खुणेच्याही पुढे जाते, पट्टीला डिझेलचा वास येतो, आणि पातळ झालेलं ते ऑईल दाब धरत नाही. स्विच खोटा की दाब, हे गेज लावूनच कळतं. रस्त्याच्या कडेला हा भेद करता येत नाही.

विम्याचीही एक बाजू आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या वाहन विम्यात दगड लागून फुटलेला चेंबर अपघात म्हणून धरला जातो. पण दिवा लागूनही गाडी चालवत राहिल्याने सीझ झालेलं इंजिन पुढचं, परिणामी नुकसान ठरवून नाकारलं जाऊ शकतं. इंजिन प्रोटेक्टचं जोड-संरक्षण घेतलेलं असलं तरी त्याच्या अटी वाचाव्या लागतात. म्हणून टोइंगची गाडी येण्याआधी आणखी तीन फोटो घ्यावेत : खालच्या गळतीचा, जिथे घासलं ती जागा सापडत असेल तर तिचा, आणि किलोमीटरचा आकडा स्वच्छ वाचता येईल असा मीटरचा. गॅरेजमध्ये गाडी उतरते तेव्हा तोच आकडा कायम असेल, तर दिवा लागून थांबल्यावर इंजिनवर ती पुढे नेली नाही, हे सर्व्हेअरला त्या आकड्यांवरूनच दाखवता येतं.