पित्ताशय गेल्यावर पोटाची घाई

पित्ताशय काढून तीन आठवडे झालेल्या पन्नाशीच्या बाई. टाके सुकलेत, दुखणं थांबलंय. पण सकाळी चहा-पोह्यांनंतर लगेच शौचाला पळावं लागतं आणि पिवळसर, पातळ जुलाब होतात. दुपारनंतर पोट शांत. सर्जनला हे चित्र ओळखीचं असतं.

पित्त यकृतात तयार होतं. पित्ताशय ही नुसती साठवणीची पिशवी. तेलकट घास पोटात गेला की ती आकसते आणि घट्ट पित्त एकदम आतड्यात सोडते. पिशवी गेली की पातळ पित्त रात्रंदिवस झिरपत राहतं. एरवी लहान आतड्याच्या टोकाशी सुमारे ९५ टक्के पित्तक्षार परत शोषले जातात. रात्रभर जमलेले क्षार न्याहारीबरोबर पुढे ढकलले जातात, शोषणातून सुटलेले मोठ्या आतड्यात जातात आणि तिथे पाणी ओढून घेतात. म्हणून सकाळचीच घाई!

तेलतुपाचं पचन बंद पडत नाही, फक्त मिसळीच्या तर्रीसारखा एकदम आलेला मारा झेपत नाही. तेवढंच तेल दिवसभरात विभागलं तर बहुतेकांना चालतं. तूप कायमचं सोडायची गरज नसते.

बहुतेकांचं पोट काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत ताळ्यावर येतं. इसबगोलाने मल बांधला जातो. तरीही थांबलं नाही, तर डॉक्टर पित्तक्षार बांधून ठेवणारी कोलेस्टायरामिनची पावडर देतात; ती इतर गोळ्यांनाही अडकवते, म्हणून दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवायचं.

कावीळ, ताप, पांढरट शौच, रक्त किंवा घटतं वजन दिसलं, तर मात्र थांबायचं नाही; नलिकेत खडा राहिलेला असू शकतो किंवा कारण वेगळंच असू शकतं.