सरमिसळ सराव संच : 'हे कोणत्या धड्यातलं?' हे मुलांना ओळखता येतं का?

परिमितीचा धडा संपला की आपण स्वाध्याय देतो. त्यातली दहाही उदाहरणं परिमितीची असतात. मूल पहिली दोन समजून सोडवतं, पण तिसऱ्यापासून त्याला उदाहरण वाचायचीसुद्धा गरज राहत नाही. दोन आकडे शोधायचे, बेरीज करायची, दुप्पट करायची, झालं! वही सगळी बरोबर. मग सत्र परीक्षेत सगळे धडे एकत्र येतात आणि तेच मूल परिमितीच्या जागी गुणाकार करून मोकळं होतं. आपण म्हणतो, "विसरला." पण तसं नसतं. रीत त्याला येत असते, ती कधी वापरायची याचा सराव मात्र त्याला कधीच मिळालेला नसतो. वर धड्याचं नाव लिहिलेलं असल्यामुळे तो निर्णय आपणच त्याच्यासाठी घेऊन टाकलेला असतो.

हा निर्णय मुलाला घ्यायला लावणारा सराव म्हणजे सरमिसळ संच. पाचवीच्या गणितातून तो कसा बनवायचा ते पाहू.

एकच जोडी, पाच उत्तरं

खालची पाच उदाहरणं बघा. सगळ्यांत आकडे तेच आहेत, १२ आणि ८.

१. शाळेचं व्यासपीठ १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद आहे. त्याच्या चारही कडांना एकदा पताकांची माळ लावायला किती मीटर माळ लागेल?
२. त्याच व्यासपीठावर संपूर्ण सतरंजी अंथरायची आहे. किती चौरस मीटर सतरंजी लागेल?
३. स्टँडवरून एका गावची एसटी दर १२ मिनिटांनी आणि दुसऱ्या गावची दर ८ मिनिटांनी सुटते. सकाळी ९ वाजता दोन्ही एकाच वेळी सुटल्या. त्यानंतर किती मिनिटांनी त्या पुन्हा एकाच वेळी सुटतील?
४. १२ पेन आणि ८ वह्या आहेत. प्रत्येकाला सारखे पेन आणि सारख्या वह्या मिळाव्यात, काहीच उरू नये. जास्तीत जास्त किती मुलांना वाटता येईल?
५. डब्यातल्या १२ लाडूंपैकी ८ संपले. एकूण लाडवांचा कितवा भाग संपला?

उत्तरं अनुक्रमे ४० मीटर, ९६ चौरस मीटर, २४ मिनिटे, ४ मुले आणि दोन तृतीयांश. इथे आकड्यांवरून काहीच कळत नाही. मुलाला गोष्टच वाचावी लागते. पहिल्यात कडेकडेने जायचं आहे, दुसऱ्यात आतली जागा झाकायची आहे. तिसऱ्यात दोन्ही गाड्या पुढे पुढे जाऊन कुठे भेटतात ते बघायचं, म्हणजे विभाज्य. चौथ्यात आहे त्याचे सारखे वाटे करायचे, म्हणजे विभाजक. हा फरक सांगता येणं म्हणजेच धडा ओळखता येणं.

संच बनवताना

*धडे निवडा.* कोणतेही चार धडे एकत्र केले की काम झालं असं नाही. रोमन संख्या आणि कोन यांची सरमिसळ केली तर मुलाला ओळखायला काहीच लागत नाही, कारण त्या दोघांत कुणी गोंधळत नाही. ज्यांच्यात गोंधळ होतो त्याच जोड्या घ्या: परिमिती-क्षेत्रफळ, विभाज्य-विभाजक. सोबत आणखी एक धडा पुरे.

*प्रमाण ठेवा.* प्रत्येक प्रकाराची दोन, म्हणजे पाच प्रकारांची दहा उदाहरणं. एका तासिकेत एवढंच होतं. एकाच प्रकाराची दोन उदाहरणं लागोपाठ येऊ देऊ नका. १-२-३-४-५, परत १-२-३-४-५ असाही क्रम नको. मुलं तो लगेच पकडतात.

*खुणा काढून टाका.* उदाहरणात 'परिमिती काढा' लिहिलं की ओळखायचं काही उरतच नाही. पण 'कुंपण आलं की परिमिती' असंही मुलं पाठ करून ठेवतात. म्हणून एखादं असं घाला: 'कुंपण घातलेला वाफा १५ मीटर लांब, ९ मीटर रुंद आहे. दर चौरस मीटरला २ किलो शेणखत घालायचं, तर एकूण किती लागेल?' इथे कुंपण नुसतं आहे, विचारलेलं नाही. क्षेत्रफळ १३५ चौरस मीटर, शेणखत २७० किलो.

*दोन फेऱ्यांत सोडवून घ्या.* पहिल्या फेरीत आकडेमोड नाही. प्रत्येक उदाहरणासमोर फक्त दोन-तीन शब्द लिहायचे: 'कडेची लांबी', 'आतली जागा', 'पुन्हा एकत्र', 'सारखे वाटे', 'कितवा भाग'. दुसऱ्या फेरीत सोडवायचं.

तपासताना

नुसती बरोबर-चूक खूण करू नका. चुकीसमोर 'ओ' किंवा 'आ' लिहा: ओळखण्यातली चूक की आकडेमोडीतली. व्यासपीठाची माळ ३८ मीटर आली तर ती 'आ'. ९६ आली तर 'ओ'. 'आ'साठी पाढे आणि बेरजा. 'ओ'साठी मात्र आणखी दहा परिमितीची उदाहरणं दिली तर उपयोग शून्य, कारण तिथे परत ओळखायचं काही नसतं.

काही चुका जरा थांबून बघाव्या लागतात. एसटीच्या उदाहरणाला कुणी ९६ लिहिलं तर गाड्या तेव्हा खरंच एकत्र सुटतात! पण पहिल्यांदा नव्हे. त्याला ८, १६, २४ आणि १२, २४ असं लिहायला लावा, त्याचं त्यालाच दिसेल. पेन-वह्यांना २४ उत्तर आलं तर विचारा, "१२ पेन २४ जणांना पुरतील का रे?"

कधी देऊ नये

नवा धडा सुरू आहे, रीतच अजून बसलेली नाही, तेव्हा हा संच देऊ नका. आधी त्या धड्याची चार-पाच उदाहरणं सलग सोडवून झालेली हवीत. त्यानंतर तो धडा सरमिसळीत आणा आणि पुढचे काही आठवडे अधूनमधून आणत राहा.

पालकांसाठी

सरमिसळ संचात गुण कमी पडतात, घाबरू नका. टेलर आणि रोहरर या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात चौथीच्या मुलांना चितीच्या तळाच्या बाजूंवरून पृष्ठे, कडा, कोपरे आणि कोन यांची संख्या काढायला शिकवलं. एका गटाने एकेक प्रकार सलग सोडवला, दुसऱ्याने सरमिसळ. सरावाच्या वेळी सलग गटाचे गुण जास्त होते. दुसऱ्या दिवशीच्या चाचणीत मात्र सरमिसळ गटाला ७७ टक्के आणि सलग गटाला ३८ टक्के गुण मिळाले. सलग गटाच्या चुका मुख्यतः एकाची रीत दुसऱ्याला लावल्याच्या होत्या.

घरी करायचं असेल तर वेगळं पुस्तक विकत आणू नका. झालेल्या तीन-चार धड्यांच्या उदाहरणसंग्रहातून प्रत्येकी दोन उदाहरणं धड्याचं नाव न लिहिता एका कागदावर उलटसुलट उतरवा. मुलाला आधी फक्त एवढंच विचारा, "यात काय शोधायचंय, आणि कशावरून ओळखलंस?" त्याने 'कशावरून' सांगितलं नाही, तर उत्तर बरोबर असलं तरी ते उदाहरण पुढच्या आठवड्याच्या कागदावर आकडे बदलून पुन्हा घ्या.