बेटकुळीकडे लक्ष

कडोदऱ्याच्या एका वाचकाने प्रश्न पाठवला आहे. कापड प्रोसेसिंगच्या मिलमध्ये पाळी संपली की तो जिममध्ये जातो. तिथला ट्रेनर म्हणतो, डंबेल उचलताना सगळं लक्ष दंडात ठेव, बेटकुळी लवकर वाढेल. यात तथ्य आहे की ही नुसती जिममधली बोलणी?

तथ्य आहे, पण ट्रेनर सांगतो त्यापेक्षा कमी. याचा सर्वांत थेट पुरावा २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून मिळतो. न्यूयॉर्कच्या लेहमन कॉलेजचे ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी वजनं उचलायची सवय नसलेल्या तीसेक कॉलेजवयीन मुलांचे दोन गट केले. व्यायाम दोन्ही गटांना तेच: उभ्याने बायसेप कर्ल आणि मशीनवर बसून पाय सरळ करणं. आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे. फरक फक्त सूचनेत होता. एका गटाला प्रत्येक रेपला सांगितलं जाई, ‘स्नायू आवळ’. दुसऱ्याला, ‘वजन वर ने’.

दंडाच्या पुढच्या स्नायूंची जाडी सोनोग्राफीने मोजली. ‘आवळ’वाल्यांची १२.४ टक्क्यांनी वाढली होती, ‘वर ने’वाल्यांची ६.९ टक्क्यांनी. ‘लक्ष द्या, दुप्पट कमवा’ ही जाहिरात इथूनच सुरू झाली. पण टक्के मिलिमीटरमध्ये मांडून बघा. समजा दंडाच्या पुढच्या स्नायूंची जाडी ३० मिलिमीटर आहे. पहिल्या हिशेबाने ती ३.७ मिलिमीटरने वाढेल, दुसऱ्या हिशेबाने २.१ ने. दोन महिन्यांच्या घामानंतरचा फरक दीड मिलिमीटरच्या आसपास, शर्टाच्या बाहीलाही कळणार नाही एवढा. शिवाय या मापात बायसेप आणि त्याच्याखाली दडलेला ब्रेकिअ‍ॅलिस असे दोन्ही स्नायू एकत्र आले. त्यामुळे फुगली ती बेटकुळीच, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. आणि मांड्यांमध्ये दोन गटांत लक्षणीय फरक आढळलाच नाही. हा अर्धा निकाल मात्र जिमच्या भिंतीवर कोणी लावत नाही.

तरीही मला या गोष्टीत रस आहे तो तिच्यामागच्या कारणामुळे. हालचालींवर संशोधन करणाऱ्या गॅब्रिएल वुल्फ यांनी अनेक वर्षं दाखवून दिलं आहे, की लक्ष शरीरावर न ठेवता बाहेरच्या वस्तूवर ठेवलं तर हालचाल अधिक सफाईदार होते. त्यांच्या गटाने २००४ मध्ये बायसेप कर्लवरच हे तपासलं. लक्ष दांडीवर असताना तेच वजन उचलायला स्नायूंतली विद्युत हालचाल कमी लागली, म्हणजे काम तेच आणि खर्च कमी. वजन उचलण्याच्या स्पर्धेत उतरणाऱ्याला हेच हवं. दंड वाढवायला आलेल्याला मात्र उधळपट्टीच हवी असते.

हे सगळं नवं वाटत असेल, तर युजेन सँडोचं नाव काढायला हवं. १८९७ च्या आपल्या पुस्तकात या कसरतपटूने हलकी डंबेल हातात देऊन वर बजावलं होतं, की मन स्नायूत घाला. लोक मन घालत नाहीत हे पाहून की काय, त्याने स्प्रिंगची डंबेल विकायला काढली. त्यांची मूठ दोन भागांत चिरलेली, मध्ये स्प्रिंगा. व्यायाम संपेपर्यंत दोन्ही भाग मुठीत दाबून धरायचे. लक्ष उडालं की मूठ उघडलीच! आपल्याकडे, पुढे औंधचे राजे झालेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १८९७ च्या सुमारास सँडोची साधनं आणि पुस्तकं मागवून सुमारे दहा वर्षं नेमाने हा व्यायाम केला. सूर्यनमस्कारांचा ध्यास त्यानंतरचा. (सँडोचं स्वतःचं शरीर हलक्या डंबेलवर घडलेलं नव्हतं; अटिला या गुरूकडे तो भरभक्कम वजनं उचलून तयार झाला होता. गिऱ्हाइकांना हे सांगायची त्याला घाई नव्हती.)

मन घालण्याला एक मर्यादाही आहे. २०१६ मध्ये संशोधक कालातायुद आणि सहकाऱ्यांनी बेंच प्रेसवर तपासलं, की छातीवर किंवा दंडाच्या मागच्या स्नायूवर लक्ष दिल्याने त्यांची विद्युत हालचाल वाढते का. एका वेळी जेमतेम उचलता येईल अशा वजनाच्या ६० टक्क्यांपर्यंत ती वाढली. ८० टक्क्यांना लक्षाचा उपयोग झाला नाही. वजन एवढं जड झालं की शरीराला हाताशी असलेलं सगळं बळ लावावंच लागतं, कुठे जास्त आणि कुठे कमी हे ठरवायला मोकळीक उरत नाही. प्रयोग कर्लवरचा नाही, पण अंदाज बांधता येतो. ज्याला एका हाताने कसंबसं २० किलोचं डंबेल एकदा उचलता येतं, त्याने १२ किलोवर दंडाकडे लक्ष द्यावं. १६ किलोवर फक्त डंबेल वर न्यावं.

लक्ष खरंच दंडात आहे की नाही, हे कोपर सांगतं. शेवटच्या दोन-तीन रेप्सना कोपर पुढे सरकलं आणि कंबरेतून झोका बसला, तर खांदा आणि पाठ कामाला लागली. पाठ भिंतीला टेकवून उभं राहा, तळहात वर येताना छताकडे वळवा, कारण हात असा वळवणं हेही बायसेपचंच काम आहे, आणि डंबेल खाली नेताना हात ढिला सोडू नका. एवढं पाळल्यावर रेप्स बारावरून नवावर आल्या तर वजन एक पायरी उतरवा.