कोणत्या वारी, किती वाजता गर्दी? चिकन सेंटरचा हीटमॅप

वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला, पापडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक चिकन सेंटर आहे असं धरू. दुकान कल्पित आहे आणि खालचे आकडे नमुन्याचे आहेत. वारांचा स्वभाव मात्र इथलाच. मालकाला गर्दी माहीत असतेच. रविवार सकाळ आणि बुधवार-शुक्रवारची संध्याकाळ, हे तो डोळे मिटून सांगेल. अडतं ते पुढे. शुक्रवारी आठला दोन माणसं पुरतात की तिसरा लागतो? सोमवारी सकाळी शटर उघडण्यात अर्थ आहे का? अशा प्रश्नांसाठी सात वार आणि दिवसाचे तास यांची चौकट मांडून प्रत्येक घर गिऱ्हाइकांच्या संख्येप्रमाणे फिकट-गडद रंगवतात. तो हीटमॅप. बनवायला तो सोपा आहे, आणि चुकीचा बनवायला त्याहून सोपा.

आधी कोणते आठवडे घ्यायचे

हातात असते बिलांची यादी, प्रत्येक बिलावर तारीख आणि वेळ. वर्षभराची यादी एकदम ओतावी असा मोह होतो, पण वसईत वर्षभर एकच आठवडा चालत नाही. २०२५ सालचंच बघा. ५ मार्चच्या राखेच्या बुधवारपासून २० एप्रिलच्या ईस्टरपर्यंत ख्रिस्ती घरांचा उपवासकाळ होता. त्यातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणजे एरवीचा भरगच्च शुक्रवार या गावांत उतरणार. मे महिन्यात अर्धी वस्ती गावाला. २४ जुलैला आषाढी अमावास्या, म्हणजे लोकांची गटारी, आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण. हे सगळं एकत्र कालवलं तर जो आठवडा तयार होईल तो कोणीच कधी जगलेला नसेल.

म्हणून आपण सोमवार २ जून ते रविवार २० जुलै २०२५ एवढेच सात आठवडे घेऊ. प्रत्येक वार बरोबर सात वेळा येतो, हाही फायदा. नुसता कॅलेंडरचा महिना घेतला तर काही वार पाचदा येतात, काही चारदा, आणि बेरीज रंगवली की पाचदा आलेला वार उगाचच गडद दिसतो.

यादी स्प्रेडशीटमध्ये असेल आणि वेळ A स्तंभात असेल, तर शेजारी तीन सूत्रं घालायची:

```
=INT(A2)
=WEEKDAY(A2,2)
=HOUR(A2)
```

पहिलं तारीख देतं, दुसरं वार (सोमवार १, रविवार ७), तिसरं तास. तारीख वेगळी ठेवायची, कारण आधी प्रत्येक दिवसाच्या प्रत्येक तासाची बिलं मोजायची आहेत आणि मगच सात दिवसांचा एक आकडा काढायचा आहे.

तो आकडा कोणता? बहुतेक जण सरासरी घेतात. पण आपल्या सात रविवारांत ६ जुलै आहे, आणि त्या दिवशी आषाढी एकादशी होती. समजा इतर सहा रविवारी सकाळी नऊ ते दहा ५१ गिऱ्हाइकं आली आणि एकादशीला १३. सरासरी येते साडेपंचेचाळीस, म्हणजे सातांपैकी एकाही रविवारी न दिसलेला आकडा. त्याऐवजी सातही आकडे चढत्या क्रमाने लावून मधला, चौथा उचलायचा. तो ५१ येतो. हा मध्यक एखाद्या विचित्र दिवसाने हलत नाही, मग तो दिवस एकादशीचा असो किंवा रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्याचा. रिकामे तास राहून जाऊ नयेत याकडे मात्र लक्ष हवं. ज्या तासाला एकही बिल झालं नाही तो यादीत दिसतच नाही, आणि तिथे स्वतः शून्य भरलं नाही तर मध्यक फुगतो.

वेळ खरी आहे का

ही तपासणी दोन मिनिटांची, पण ती टाळून चालत नाही. काही बिलिंग ॲपमधून यादी उतरवली की वेळ भारतीय नसते, ग्रीनिचची असते, म्हणजे साडेपाच तास मागे. संध्याकाळी साडेसातला विरार लोकलमधून उतरलेल्या माणसाचं बिल मग दुपारी दोनला दिसतं. दुकान दुपारी दोन ते पाच बंद असताना तिथे गडद पट्टा दिसला की समजावं. दुरुस्ती तास काढण्याआधी, मूळ वेळेत करायची. नुसते स्तंभ सरकवून भागत नाही, कारण फरकात अर्धा तास आहे.

वारांचा क्रम

संगणकावर सोडलं तर तो वार अकारविल्हे लावू शकतो: गुरुवार, बुधवार, मंगळवार, रविवार, शनिवार, शुक्रवार, सोमवार. यात ना आठवडा दिसतो ना गर्दी. सोमवार ते रविवार हा क्रम सरळ आणि बऱ्याच दुकानांना पुरेसा आहे. कपड्यांच्या दुकानाला किंवा मेडिकलला मी तोच सांगेन, कारण तिथे शेजारचे वार साधारण सारखे वागतात.

चिकनचं तसं नाही. इथे अनेक हिंदू घरांत सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार यांतला एखादा तरी वार पाळला जातो, आणि वशाटाचे वार उरतात बुधवार, शुक्रवार, रविवार. पंचांगाच्या क्रमाने रांगा लावल्या की फिकट, फिकट, गडद, फिकट, गडद, फिकट, गडद असे पट्टे पडतात आणि डोळा त्या पट्ट्यांतच अडकतो. फ्रेंच नकाशातज्ज्ञ जाक बेर्तँ यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा लावून धरला होता: ज्या रांगांना स्वतःचा अटळ क्रम नाही, त्या सारख्याला सारखं लागून येईल अशा हलवून पाहाव्यात. तसं केल्यावर:

| वार | ९–१० | ११–१२ | १९–२० | २०–२१ | २१–२२ |
|---|---|---|---|---|---|
| रवि | ५१ | ५० | १४ | ११ | ६ |
| शुक्र | ८ | ८ | २६ | ३१ | १९ |
| बुध | ९ | ७ | २४ | २८ | १५ |
| शनि | ४ | ४ | १० | १२ | ९ |
| सोम | ४ | ३ | ८ | ९ | ५ |
| मंगळ | ३ | ३ | ७ | ७ | ४ |
| गुरु | ३ | २ | ६ | ७ | ४ |

(जागेसाठी पाचच तास दाखवले आहेत.) आता तीन गट वेगळे दिसतात. रविवार सकाळचा, शुक्रवार-बुधवार संध्याकाळचे, बाकीचे चार मंद. आणि आधी न दिसलेली एक गोष्ट समोर येते: शुक्रवारी नऊनंतरही गर्दी टिकते, बुधवारी ती लवकर ओसरते. दोन्ही रांगा एकमेकींखाली आल्या म्हणून हे दिसलं.

तासांना मात्र हात लावायचा नाही. ते घड्याळाच्याच क्रमाने हवेत, दुकान उघडण्याच्या तासापासून सुरू. वारांचा क्रमही एकदा ठरला की ठरला. दर महिन्याला गर्दीप्रमाणे नव्याने लावला, तर दोन महिन्यांची चित्रं शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

रंगपट्टी

एक्सेलच्या तयार रंगपट्ट्यांत हिरवा-पिवळा-लाल सहज हाताला लागतो. तो इथे नको. लाल म्हणजे गर्दी की तोटा, हे बघणाऱ्याला पुन्हा विचारावं लागतं. लाल-हिरवा फरक न दिसणारे लोक असतात, त्यांत पुरुष अधिक. काळ्या-पांढऱ्या छपाईत गडद लाल आणि गडद हिरवा दोन्ही एकाच करड्या छटेचे होतात. शिवाय दोन टोकांना दोन रंग आणि मधे तिसरा ही रचना मधल्या आकड्याला खास अर्थ असेल तेव्हाची, उदाहरणार्थ गेल्या वर्षीपेक्षा कमी की जास्त. गिऱ्हाइकांची संख्या शून्यापासून वर चढते. तिला एकच रंग पुरतो, फिकटापासून गडदापर्यंत, आणि पट्टी शून्यापासूनच सुरू करायची. सगळ्यात लहान आकड्याला पांढरा दिला तर गुरुवारचे दोन जण आणि कोणीच नाही, हे सारखेच दिसतात. दुकान बंद असलेले तास शून्यही नाहीत. ते रिकामे किंवा आडव्या रेघांचे ठेवावेत.

खरा पेच रविवारचा आहे. पट्टीचं टोक ५१ ला ठेवलं की सगळा गडद रंग दोन-तीन घरं खातात आणि सोमवारचे ९ व गुरुवारचे ६ डोळ्याला एकच वाटतात. उपाय दोन, आणि कोणता घ्यायचा हे प्रश्नावर ठरतं.

माणसं किती लावायची हा प्रश्न असेल तर सलग छटा सोडून टप्पे करावेत. एका गिऱ्हाइकाला वजन, कापणं, पिशवी, पैसे मिळून साडेतीन मिनिटं धरली, तर एक कापणारा तासाला साधारण १७ जणांना मोकळं करतो. मग टप्पे आपोआप ठरतात: १७ पर्यंत फिकट, १८ ते ३४ मध्यम, ३५ पासून पुढे गडद. म्हणजे एक माणूस, दोन माणसं, तीन माणसं. शुक्रवारचे तिन्ही संध्याकाळचे तास मध्यम येतात आणि बुधवारी नऊचा तास फिकट होतो, म्हणजे दुसऱ्या माणसाला तेव्हा घरी सोडता येईल. चारही मंद वार एकरंगी दिसतात, आणि या प्रश्नापुरतं ते योग्यच आहे.

मंद वारी सकाळी उघडावं का हा प्रश्न असेल तर उलट करायचं. सलग छटा ठेवायची, टोक १५ ला बांधायचं आणि त्यापुढचं सगळं एकाच गडद रंगात, पट्टीच्या टोकाशी ‘१५ व जास्त’ असं लिहून. ते लिहिलं नाही तर रविवार आणि शुक्रवार सारखेच आहेत असं चित्र खोटं सांगेल. एकाच चित्रात दोन्ही प्रश्न बसवण्याची खटपट मी तरी करत नाही.

रविवारचा ५१ काय सांगतो

टेबलात परत रविवारची सकाळ बघा. नऊला ५१, अकराला ५०. दुकानात तीन कापणारे आहेत. सतरा त्रिक एकावन्न. म्हणजे हा गर्दीचा आकडा नाही, दुकानाच्या हातांचा आहे. मिस्सा सुटल्यावर आलेली किती माणसं रांग बघून पुढच्या दुकानात गेली, ते बिलांच्या यादीत कुठेच नोंदलेलं नाही.

हे ओळखायची खूण आहे. शुक्रवारी आठचा तास आठवड्यागणिक हलतो, कधी २२, कधी ३६. रविवारी सकाळचे तास, एकादशी सोडली तर, दर आठवड्याला ५०-५१ वरच अडतात. नैसर्गिक गर्दी इतकी एकसारखी नसते. अशा घरांवर जाड चौकट काढावी आणि एकदोन रविवारी मुलाला दाराशी उभं करून, आलेले आणि न घेता परतलेले अशा दोन रांगांत रेघोट्या मारायला सांगाव्यात. परतलेल्यांची संख्या आठ-दहाच्या वर गेली तर चौथा माणूस परवडतो का, हा हिशोब तेव्हा मांडता येतो. नुसत्या रंगावरून तो मांडता येत नाही.

दोघांसाठी एकाने केलेली खरेदी, शेजारणीची पिशवीही घेऊन जाणारा माणूस, ही तूट दाराशी मोजूनही उरतेच. सगळ्या वारी ती साधारण सारखी असेल तर रंगांच्या तुलनेला धक्का बसत नाही.

भिंतीवर लावताना

प्रत्येक घरात आकडाही लिहावा, गडद घरात पांढऱ्या अक्षरांत. खाली एक ओळ: कोणत्या तारखा, सरासरी की मध्यक, कोणते तास बंद. श्रावण लागला की हा कागद उतरवून श्रावणाचा वेगळा लावावा. वारांचा क्रम तोच, रंगांचे टप्पेही तेच, म्हणजे कापणाऱ्यांपैकी कोणाला महिनाभर गावी पाठवता येईल ते दोन्ही कागद शेजारी धरून ठरवता येईल.