मक्याच्या स्टार्चने जुलाब लवकर थांबले, ते कसे?

पटकीच्या 48 रुग्णांवर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉ. बी. एस. रामकृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली एक चाचणी 2000 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आली. प्रत्येकी सोळा जणांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाला नेहमीचं ओआरएस, म्हणजे मीठ-साखरेचं जलसंजीवनी पाणी दिलं. दुसऱ्या गटाच्या ओआरएसमध्ये लिटरमागे 50 ग्रॅम तांदळाचं पीठ घातलं, तर तिसऱ्या गटाच्या ओआरएसमध्ये तेवढंच एका खास जातीच्या मक्याचं स्टार्च. मग प्रत्येक रुग्णाला पहिलं बांधीव शौच व्हायला किती वेळ लागतो ते मोजलं. पहिल्या गटाला सरासरी 91 तास लागले, तांदळाच्या पिठाच्या गटाला 71 आणि मक्याच्या स्टार्चच्या गटाला अवघे 57.

यातली गंमत अशी, की मक्याचं ते स्टार्च माणसाला पचतच नाही. लाळेतले आणि स्वादुपिंडाचे पाचकरस त्याचे तुकडे करू शकत नाहीत, म्हणून त्याला ‘रेझिस्टंट स्टार्च’ म्हणतात. एरवी न पचलेली साखर पोटात राहिली की जुलाब वाढतात. दूध न पचणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. इथे मात्र न पचणारा पदार्थ मुद्दाम घातला आणि जुलाब लवकर थांबले.

हे समजायला आधी पोटातल्या पाण्याचा हिशेब पाहायला हवा. आपण दिवसाला दोनेक लिटर पितो, त्यात लाळ, जठररस, पित्त आणि इतर स्राव मिळून आणखी सातेक लिटरची भर पडते. या नऊ लिटरांतलं बहुतेक सगळं लहान आतडं शोषून घेतं. मोठ्या आतड्यात जेमतेम दीड लिटर पोचतं आणि शौचावाटे बाहेर पडतं ते साधारण 100 ते 200 मिलिलिटर. गरज पडली तर मोठं आतडं दिवसाला चार-पाच लिटरही ओढून घेऊ शकतं.

पटकीचं विष लहान आतड्याच्या पेशींना इतकं पाणी आणि मीठ सोडायला लावतं, की ते ओढून घेणं मोठ्या आतड्याच्याही आवाक्याबाहेर जातं. ओआरएसमधलं ग्लुकोज आणि सोडियम लहान आतड्यात जोडीने आत शिरतात आणि पाणी त्यांच्यामागोमाग जातं. पटकीचं विष हा मार्ग बंद करू शकत नाही, म्हणूनच ओआरएसने लाखो जीव वाचले. पण त्याने रुग्ण कोरडा पडत नाही एवढंच. जुलाबांचं प्रमाण आणि मुदत फारशी कमी होत नाही. मोठ्या आतड्याची राखीव ताकद तशीच पडून राहते. वेल्लोरच्या चमूने तीच कामाला लावली, आणि त्यासाठी मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंची मदत घेतली.

माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू राहतात आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात, असा इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांचा 2016चा अंदाज आहे. सगळ्यांचं मिळून वजन भरतं साधारण 200 ग्रॅम. तिथे ऑक्सिजन जवळपास नसतो, त्यामुळे वर न पचलेलं स्टार्च आणि तंतुमय पदार्थ हे जिवाणू आंबवून खातात. आंबवताना वायू तयार होतात आणि तीन आम्लं सुटतात: ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. यांनाच शॉर्ट-चेन फॅटी ॲसिड्स म्हणतात, म्हणजे आखूड साखळीची मेदाम्लं. ॲसिटेट हे व्हिनेगरमधलंच आम्ल. तिघांचं प्रमाण ढोबळमानाने 60, 20 आणि 20 टक्के असतं, पण आहारानुसार आणि प्रत्येकाच्या जिवाणूंनुसार ते बदलतं.

हे काम एकट्यादुकट्या जिवाणूचं नाही. रेझिस्टंट स्टार्चचे कठीण कण पहिल्यांदा फोडण्यात ‘रुमिनोकॉकस ब्रोमाय’ नावाचा जिवाणू पटाईत आहे, पण तो स्वतः ब्युटिरेट बनवत नाही. त्याने सुटे केलेले तुकडे आणि त्याने टाकलेलं ॲसिटेट घेऊन ‘युबॅक्टेरियम रेक्टाले’सारखे इतर जिवाणू ब्युटिरेट तयार करतात. त्यामुळे दोन माणसांनी एकच पदार्थ सारखाच खाल्ला तरी एकाच्या पोटात भरपूर ब्युटिरेट होतं आणि दुसऱ्याच्या पोटात ते स्टार्च बरंचसं तसंच बाहेर पडतं. दुसऱ्याकडे साखळीतला पहिला गडीच कमी असतो.

आता पुन्हा वेल्लोरला जाऊ. मक्याच्या स्टार्चचे रेणू अवाढव्य असतात. पाणी ओढण्याची ताकद रेणूंच्या वजनावर नाही, संख्येवर ठरते. त्यामुळे 50 ग्रॅम स्टार्च लहान आतड्यातून जाताना जवळजवळ काहीच पाणी ओढत नाही. दुधातल्या साखरेचे रेणू छोटे आणि संख्येने पुष्कळ, म्हणून ती न पचली की वाटेतच पाणी खेचते. स्टार्च मोठ्या आतड्यात पोचल्यावर जिवाणू त्याची आम्लं करतात आणि ती आम्लं आतड्याच्या पेशी जागच्या जागी शोषून घेतात. तयार झालेल्या आम्लांपैकी जवळपास 95 टक्के अशी आत घेतली जातात. आम्ल पेशीत शिरलं की पेशी आतली आम्लता बाहेर टाकते आणि त्या बदल्यात सोडियम आत घेते. सोडियमबरोबर पाणीही जातं. पटकीचं विष पेशीची सोडियम घेण्याची एक वाट बंद करतं, पण आम्लांच्या जोरावर चालणारी ही दुसरी वाट बरीचशी उघडी राहते. वेल्लोरमधले जुलाब लवकर आटोक्यात आले ते याच वाटेने.

बांगलादेशातल्या ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रात रब्बानी आणि सहकाऱ्यांनी हाच विचार घरगुती पदार्थावर तपासला. जुलाब लांबलेल्या तान्ह्या मुलांना त्यांनी शिजवलेली हिरवी केळी भातात मिसळून दिली. नुसत्या भातापेक्षा या आहाराने जुलाब लवकर कमी झाले. हिरव्या केळ्यात रेझिस्टंट स्टार्च भरपूर असतं. केळं पिकताना त्याची साखर होत जाते.

या आम्लांमधलं ब्युटिरेट आणखी एक काम करतं. शस्त्रक्रियेत काढलेल्या आतड्याच्या तुकड्यांतल्या पेशींवर विल्यम रोडिगर यांनी 1980 साली प्रयोग केले, तेव्हा ग्लुकोज समोर असतानाही या पेशी मुख्यतः ब्युटिरेटच जाळताना दिसल्या. त्यांच्या ऑक्सिजनच्या वापरापैकी 70 टक्क्यांहून अधिक भाग ब्युटिरेट जाळण्यात जात होता. ब्युटिरेट जाळताना पेशी रक्तातून आलेला ऑक्सिजन खर्च करून टाकतात, त्यामुळे आतड्याच्या पोकळीत तो पाझरत नाही. ब्युटिरेट बनवणाऱ्या जिवाणूंना नेमकी तशीच जागा लागते. ‘फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी’सारखे काही तर हवा लागताच मरू लागतात.

हे चक्र तुटतं केव्हा, याचं सर्वांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे प्रतिजैविकांचा कोर्स. जिवाणू मेले की आंबवणं मंदावतं. मग न पचलेली साखर-स्टार्च आतड्यात पडून राहते आणि आम्लं कमी पडल्याने मीठ-पाणीही पूर्वीसारखं शोषलं जात नाही. पेशी ब्युटिरेटऐवजी दुसरं इंधन वापरू लागल्या की ऑक्सिजन पोकळीत पाझरतो आणि साल्मोनेला, ई. कोलाय असे ऑक्सिजनवर वाढू शकणारे जिवाणू फोफावतात. गोळ्यांनंतर होणारे साधे पातळ जुलाब बहुतेकदा कोर्स संपला की थांबतात. पण ताप, पोटात जोरात कळा किंवा शौचातून रक्त असेल, तर घरी वाट पाहू नये. तेव्हा दुसऱ्या एका जिवाणूचा, क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलचा संसर्ग असू शकतो.

आता घरातल्या ताटाकडे वळू. भात गार झाला की त्यातल्या स्टार्चच्या साखळ्या पुन्हा घट्ट जुळतात, म्हणून फ्रिजमधल्या भाताचा दाणा कडक आणि मोकळा होतो. 2015 साली इंडोनेशियात झालेल्या मोजणीत ताज्या भातात 100 ग्रॅममागे 0.64 ग्रॅम रेझिस्टंट स्टार्च सापडलं. तोच भात 24 तास फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा गरम केला, तेव्हा ते 1.65 ग्रॅम झालं. म्हणजे जवळपास अडीच पट. ऐकायला मोठं वाटतं, पण वेल्लोरच्या एका लिटरमधल्या 50 ग्रॅमसमोर ते नाममात्रच आहे. फोडणीचा भात आवडीने खावा, त्याला औषध समजू नये. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात तर खाऊच नये, कारण त्यात बॅसिलस सीरियस हा विषबाधा करणारा जिवाणू वाढतो. उरलेला भात लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवावा. रोजच्या आहारात आंबवणीला खरा माल पुरवतात ती कडधान्यं, डाळी, ज्वारी-बाजरीची भाकरी आणि कच्च्या केळ्याची भाजी.

पण हा माल एकदम वाढवला की वायूही वाढतो. जिवाणूंनी केलेला हायड्रोजन रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. डॉक्टर करतात ती श्वासाची हायड्रोजन चाचणी यावरच चालते: दुधातली साखर प्यायला देऊन दर थोड्या वेळाने श्वास तपासतात आणि हायड्रोजन दहा लाखांत 20 भागांनी वाढला, तर ती साखर लहान आतड्यात पचली नाही, असं मानतात. राजमा-छोले खाऊन पोट फुगणं म्हणजे आंबवण चालू असल्याची खूण, आजार नव्हे. ज्यांचं आतडं संवेदनशील असतं, उदाहरणार्थ इरिटेबल बाउलचा त्रास असलेल्यांना, तोच वायू असह्य होतो. त्यांनी प्रमाण वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

शौचाचा नमुना पाठवून ‘तुमची फॅटी ॲसिड्स कमी आहेत’ असा अहवाल मिळवून देणाऱ्या चाचण्याही आता विकल्या जातात. बनलेल्या आम्लांपैकी 95 टक्के आतड्यातच शोषली जातात, हे लक्षात ठेवलं तर त्या अहवालाची किंमत कळते. शौचात सापडतं ते उरलंसुरलं. ते कमी दिसलं, तर आम्लं कमी बनली असतील किंवा चांगली शोषली गेली असतील. आकड्यावरून दोन्हींतला फरक कळत नाही.

घरात कुणाला जुलाब झाले तर वेल्लोरची चाचणी वाचून ओआरएसमध्ये पीठ कालवायला जाऊ नका. तिथे मोजून घेतलेलं विशिष्ट स्टार्च डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं होतं. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे ओआरएस करा, घोट घोट पाजत राहा आणि लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा शौचातून रक्त दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. डाळ-भाकरीचं प्रमाण वाढवायचं ते बरं झाल्यावर, आणि तेही हळूहळू.